गहाणखतातील तीन कलमे : कसूर, विक्रीचा अधिकार आणि गहाणमुक्ती

वाचकाचे पत्र

माझा छपाईचा व्यवसाय आहे. यंत्रसामग्रीसाठी गिरगावातील आमच्या सदनिकेवर एका खासगी बँकेकडून चाळीस लाखांचे कर्ज घेत आहे. सदनिका आईच्या नावावर आहे आणि त्याच बँकेत माझे दहा लाखांचे कॅश क्रेडिट खातेही चालू आहे. बँकेने नोंदणीकृत गहाणखताचा मसुदा दिला आहे. एक हप्ता चुकला तरी सगळे कर्ज एकदम मागता येईल, कोर्टात न जाता सदनिका विकता येईल आणि ‘बँकेचे सर्व प्रकारचे देणे’ फिटेपर्यंत गहाण कायम राहील, असे त्यात लिहिले आहे. आईची सही घ्यावी का? कर्ज फिटल्यावर घर खरोखर मोकळे होईल ना?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर

मसुद्यातील ज्या कलमाने तुम्ही सर्वाधिक घाबरला आहात, ते कोर्टाविना विक्रीचे कलम बहुतेक सर्व बँकांच्या गहाणखतांत असते आणि ते काढून टाकण्यास बँक राजी होणार नाही. ज्या कलमाबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे, ते ‘सर्व प्रकारच्या देण्या’चे कलम मात्र तुमच्या बाबतीत अधिक धोक्याचे आहे, आणि सहीपूर्वी बदलून घेता येण्यासारखेही तेच आहे. तरीही आधी कसुरीचा आणि विक्रीचा मार्ग नीट समजून घेतलेला बरा, कारण त्याशिवाय या तिसऱ्या कलमाचे वजन कळत नाही.

एक हप्ता चुकल्यास संपूर्ण शिल्लक तात्काळ देय होते, असे कलम कायद्याला मान्य आहे. परंतु ते कागदावर असणे वेगळे आणि त्याच्या आधारे घरावर हात टाकता येणे वेगळे. बँका विक्रीसाठी सहसा गहाणखतातील अधिकारापेक्षा थकीत कर्जांच्या वसुलीसाठी केलेल्या 2002 च्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, आणि त्या कायद्याखाली खाते आधी अनुत्पादक, म्हणजे बोलीभाषेत ‘एनपीए’, ठरावे लागते. हप्ताफेडीच्या कर्जात थकबाकी नव्वद दिवसांपेक्षा अधिक राहिली की खाते त्या वर्गात जाते.

तुमचेच आकडे घेऊन हे पाहू. चाळीस लाख रुपये, साडेदहा टक्के व्याज आणि बारा वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे 49 हजार रुपये येतो. तीन वर्षे नियमित हप्ते भरल्यावर मुद्दलाची शिल्लक सुमारे 34 लाख असेल. समजा, त्यानंतर जानेवारीच्या 5 तारखेचा हप्ता चुकला आणि पुढचेही भरता आले नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खाते अनुत्पादक होईल. तोपर्यंत चार हप्ते, म्हणजे दोन लाखांच्या आसपास रक्कम थकलेली असेल आणि तेवढी भरली तर गाडी रुळावर येते. अनुत्पादक झाल्यानंतर मात्र एखादा हप्ता भरून खाते पुन्हा नियमित होत नाही. त्यासाठी मुद्दल आणि व्याज या दोन्हींची सगळी थकबाकी चुकती करावी लागते. आणि एकदा सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खालील मागणीची नोटीस निघाली, की बँक दोन लाख नव्हे, तर सगळे 34 लाख, त्यावरील व्याज आणि खर्च मागू शकते. म्हणूनच एप्रिलपूर्वीचे ते तीन महिने सर्वांत मोलाचे आहेत, आणि नेमके त्याच काळात कर्जदार बँकेचे फोन घेणे बंद करतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

कसुरीच्या कलमात दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, हप्ता चुकल्यावर लेखी कळवून दुरुस्तीसाठी तीस दिवस दिले जातील, हे वाक्य. दुसरी, कसुरीच्या व्याख्येतील पसारा कमी करणे. मसुदा पुन्हा वाचलात, तर विम्याचे नूतनीकरण न होणे, सोसायटीची थकबाकी राहणे, बँकेच्या परवानगीविना भाडेकरू ठेवणे आणि ‘अन्य कोणत्याही कर्जात कसूर होणे’ हेही कसूर म्हणून लिहिलेले बहुधा आढळेल. पहिल्या तिन्हींत बँकेची काळजी रास्त आहे. चौथ्याचा अर्थ असा, की कॅश क्रेडिट खात्यात गडबड झाली तर हप्ते वेळेवर जात असूनही घरावरचे कर्ज थकीत धरता येईल. हे वाक्य गाळून घ्यावे, निदान ‘सदर कर्जखात्यापुरते’ असे तरी करून घ्यावे. दंडाच्या कलमात ‘दंडव्याज’ असा शब्द राहिला असेल, तर तोही दाखवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या निर्देशांनंतर विलंबाबद्दल दंड आकारता येतो, पण तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुढे व्याज चढवता येत नाही.

आता विक्रीच्या अधिकाराकडे वळू. येथे तुमच्या सदनिकेचे मुंबईत असणे महत्त्वाचे ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 69 नुसार गहाणखतात स्पष्ट अधिकार दिलेला असला, तरी कोर्टाविना खासगी विक्रीचा हा मार्ग सरसकट सर्वत्र उघडा नाही. करार होताना मिळकत मुंबई, कोलकाता किंवा चेन्नई या शहरांत, अथवा सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या इतर शहरांत असली, तरच तो अशा कलमाच्या बळावर वापरता येतो. गिरगावची सदनिका त्यात बसते, त्यामुळे तुमच्या मसुद्यातील कलम निव्वळ शोभेचे नाही. पण या मार्गातही बँकेला मुद्दलाची लेखी मागणी करावी लागते आणि ती मागणी पोहोचल्यापासून तीन महिने रक्कम न भरली गेल्यासच विक्री करता येते; किंवा किमान पाचशे रुपयांचे व्याज देय होऊन तीन महिने थकलेले असावे लागते. ‘कोणतीही पूर्वसूचना न देता विक्री करता येईल’ असे मसुद्यात लिहिले असेल, तर कायद्याने घातलेली ही अट त्या वाक्याने नाहीशी होत नाही.

सरफेसीचा मार्ग याहून वेगवान आहे आणि तो देशभर चालतो. शेतजमिनीला मात्र तो लागू नाही. सहकारी बँकांनाही तो उपलब्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवले. पतसंस्थांची गोष्ट वेगळी आहे. त्या सहकार कायद्याच्या कलम 101 खालील वसुली दाखल्याच्या वाटेने जातात, त्यामुळे शेजाऱ्याच्या पतसंस्थेचा अनुभव तुमच्या बँकेला जसाच्या तसा लावू नका.

वरच्याच उदाहरणात एप्रिलमध्ये कलम 13(2) ची नोटीस मिळाली, तर तिच्यात देण्याचा तपशील असतो आणि साठ दिवसांची मुदत असते. या साठ दिवसांत लेखी हरकत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि बँकेने हरकत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे. खात्यात जमा केलेली रक्कम धरलेली नसणे किंवा व्याजाची आकारणी मंजुरीपत्राशी न जुळणे, अशा नेमक्या मुद्द्यांवरची हरकत उपयोगी पडते. ‘धंदा मंदीत आहे’ एवढेच लिहिलेली हरकत सहसा दोन ओळींच्या उत्तराने निकालात निघते. नोटीस आईच्या नावेही निघायला हवी, कारण या कायद्यातील कर्जदाराच्या व्याख्येत जामीनदार आणि मिळकत गहाण देणारी व्यक्तीही येते. आईचा पत्ता बदलला, तर बँकेला लगेच कळवून पोच घ्या. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस ‘बजावली’ की नाही, या वादात पुढे पुष्कळ वेळ जातो आणि त्यात प्रत्येक वेळी घरमालकाचीच बाजू जिंकते असे नाही.

साठ दिवस संपल्यावर, जूनमध्ये, बँक ताब्याची नोटीस दारावर चिकटवते आणि सात दिवसांत ती दोन वृत्तपत्रांत प्रसिद्ध करते. हा ताबा सुरुवातीला बहुधा कागदोपत्रीच असतो. कुटुंब घरातच राहते आणि प्रत्यक्ष ताबा पुढे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने घेतला जातो. या पावलाविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे. ती हातून जाऊ देऊ नये. त्यानंतर बँक मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून घेते, राखीव किंमत ठरवते आणि विक्रीची नोटीस देते; पहिल्या विक्रीसाठी ती नोटीस तीस दिवसांची असते.

गहाण सोडवण्याचा हक्क कोणत्या क्षणापर्यंत जिवंत असतो, याचे उत्तर दोन्ही मार्गांत निरनिराळे आहे आणि घरे हातची जातात ती बहुतेक याच गैरसमजापायी. 1882 च्या कायद्याखालील विक्रीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये नारणदास करसनदास प्रकरणात स्पष्ट केले, की लिलावात बोली मान्य झाली तरी नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत गहाण देणाऱ्याला संपूर्ण देणे भरून मिळकत सोडवता येते. सरफेसी कायद्याच्या कलम 13(8) मध्ये 2016 साली दुरुस्ती झाली आणि तेथे ही मुदत जाहीर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंत आणली गेली. सप्टेंबर 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसाच अर्थ कायम केला. तुमच्या उदाहरणात जुलैच्या मध्यावर लिलावाची नोटीस वृत्तपत्रात आली आणि लिलाव ऑगस्टच्या मध्यावर असला, तर शेवटची तारीख ऑगस्टची नसून जुलैमधील त्या प्रसिद्धीच्या आदल्या दिवसाची असते. नातेवाइकांकडून पैसे गोळा करून लिलावाच्या आदल्या दिवशी बँकेत जाणाऱ्याला हक्क म्हणून काही मागता येत नाही. बँकेने स्वखुशीने स्वीकारले तरच काही घडू शकते. शिवाय त्या टप्प्यावर भरायची असते ती थकबाकी नव्हे, तर खर्चासह संपूर्ण रक्कम.

लिलावातून येणारा पैसा बँकेचा होत नाही. खर्च आणि देणे वजा करून उरलेली रक्कम ज्याची मिळकत त्याला परत द्यावी लागते, आणि कमी पडले तर बँक उरलेल्या रकमेसाठी पुन्हा वसुलीला येऊ शकते. समजा, सदनिका 95 लाखांना गेली आणि सर्व खर्चांसह देणे 37 लाख झाले, तर 58 लाख आईला मिळायला हवेत. मात्र मसुद्यातील ‘सर्व प्रकारचे देणे’ हे शब्द तसेच राहिले, तर बँक त्यातून आधी तुमच्या कॅश क्रेडिट खात्याचे दहा लाख कापून घेईल आणि गहाणखताचा आधार दाखवेल.

हेच कलम कर्ज नीट फिटल्यावरही आडवे येते. बाराव्या वर्षी शेवटचा हप्ता भरून तुम्ही मूळ कागद मागायला जाल, तेव्हा कॅश क्रेडिट खात्यात सात लाख वापरात असतील, तर गहाण अजून संपलेले नाही, असे उत्तर मिळू शकते. ते उत्तर पोकळ नसते. 1882 च्या कायद्याचे कलम 60 गहाण सोडवण्याचा हक्क देते आणि तो हक्कच नाकारणारी अट कोर्टात टिकत नाही. परंतु हे गहाण कोणत्या देण्यांसाठी होते, हे ठरवण्याची मोकळीक दोन्ही पक्षांना असते. निरनिराळी गहाणे स्वतंत्रपणे सोडवण्याची मुभा देणारे कलम 61 देखील ‘विरुद्ध करार नसेल तर’ याच शर्तीवर बोलते. छापील मसुद्यातला विरुद्ध करार तो हाच.

येथे आईच्या सहीचा प्रश्न येतो. नुसती मिळकत गहाण देणे आणि जामीनदार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त मिळकत गहाण दिली आणि फेडीची वैयक्तिक हमी दिली नाही, तर आईची जोखीम सदनिकेपुरती राहते. तिने जामीनपत्रावरही सही केली, तर विक्रीतून कर्ज न फिटल्यास तिच्या मुदतठेवींपर्यंत वसुली येऊ शकते. बँका दोन्ही सह्या एकाच गठ्ठ्यात घेतात आणि कोणत्या पानाचा काय परिणाम, हे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आईने वैयक्तिक हमी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 95 लाखांच्या घरावर चाळीस लाख देणाऱ्या बँकेला त्याहून अधिक सुरक्षिततेची गरज नाही. बँक अडूनच बसली, तर हमी या कर्जाच्या रकमेपुरती मर्यादित करून घ्यावी.

गहाणखताच्या मुख्य कलमात आणि सतत चालू राहणाऱ्या तारणाच्या कलमात पुढील आशयाचे वाक्य घालून घ्या : ‘सदर गहाण केवळ अमुक दिनांकाच्या मंजुरीपत्रान्वये दिलेल्या चाळीस लाख रुपयांच्या मुदतकर्जासाठी, त्यावरील व्याज व खर्चासह असून, कर्जदाराच्या अन्य कोणत्याही विद्यमान वा भावी खात्यासाठी नाही.’ शाखा व्यवस्थापक ‘मसुदा मुख्य कार्यालयाचा आहे’ असे म्हणतील. तो बदल मंजुरीपत्राच्या विशेष अटींत घेण्याचा आणि गहाणखतात त्या अटींचा संदर्भ देण्याचा मार्ग तरीही खुला असतो, आणि मंजुरीपत्रावर तुमची सही होण्यापूर्वी त्यासाठी तुमच्या शब्दाला जेवढे वजन असते, तेवढे नंतर कधीच नसते.

गहाणमुक्तीबद्दल तुम्ही कदाचित वाचले असेल, की रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवावा लागतो आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. कागद हरवले, तर प्रमाणित प्रती मिळवण्याचा खर्च बँकेचा आणि त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात. ही तरतूद 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. मात्र तिच्यात एक खाच आहे. ती ‘वैयक्तिक कर्जां’साठी आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येनुसार स्थावर मिळकतीवरचे कर्ज त्यात येते ते व्यवसायासाठी घेतलेले नसेल तेव्हा. तुमचे कर्ज छपाईयंत्रांसाठी आहे, त्यामुळे उद्या बँकेने ‘हे परिपत्रक तुम्हाला लागू नाही’ असे म्हटले, तर तिच्यापाशी युक्तिवाद असेल. त्यावर उपाय करारात आहे : तीस दिवसांची मुदत, कागद परत मिळण्याचे ठिकाण आणि उशिराची रोजची भरपाई मंजुरीपत्रात लिहून घ्या. परिपत्रकातील अट करारात आली, की व्याख्येचा वाद उरत नाही.

प्रत्यक्ष मुक्तीचा पाया कर्ज घेतानाच घातला जातो. मूळ खरेदीखत, आधीच्या मालकांची साखळी दाखवणारे दस्त, नोंदणी पावत्या आणि सोसायटीचे भागपत्र बँकेकडे देताना प्रत्येक कागदाचे नाव, दस्त क्रमांक, तारीख आणि पानांची संख्या लिहिलेली यादी करा व तिच्यावर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. बारा वर्षांनी शाखा बदललेली असते, कागद बाहेरच्या गोदामात गेलेले असतात आणि ‘एवढेच कागद आमच्याकडे होते’ या वाक्याला दुसरे उत्तर नसते.

फेड झाल्यावर निरंक दाखला हातात येतो आणि अनेकांना वाटते की काम संपले. तुमचे गहाणखत नोंदणीकृत आहे. त्यामुळे ते दुय्यम निबंधक कार्यालयाच्या नोंदीत दिसत राहते आणि पुढे सदनिका विकताना खरेदीदाराच्या वकिलाच्या शोध अहवालात पहिल्याच पानावर येते. म्हणून बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याने गहाणमुक्तीचा दस्त करून नोंदवून दिला पाहिजे. कलम 60 तशी मागणी करण्याचा हक्क देते, पण त्याचा खर्च गहाण देणाऱ्याने करायचा असतो. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क आईच्या बाजूला येईल, हे गृहीत धरा. दस्तात मूळ गहाणखताचा क्रमांक, तारीख आणि ‘आता बँकेचा कोणताही हक्क उरलेला नाही’ हे शब्द आहेत, याची सहीपूर्वी खात्री करा. सोबत सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत तारण फिटल्याची नोंद बँकेने करायची असते. ती झाली की नाही, हे तेथे शुल्क भरून तुम्हाला स्वतः शोधता येते. शेवटी गहाणमुक्ती दस्ताची सूची क्रमांक दोन आणि बँकेचे पत्र सोसायटीला देऊन तिच्या दप्तरातील बँकेचा बोजा काढून टाकल्याचे लेखी पत्र घ्या, आणि भागपत्राच्या मागच्या बाजूस बँकेचा शेरा असेल, तर तो रद्द केल्याची नोंद सचिवांच्या सहीने करून घ्या.